गाजर, मुळा आणि बीट: फाटे, तडे आणि पोकळ गाभा यांचे कारण मुळातूनच कसे वाचावे

कंदमुळांची काढणी सुरू झाली की दरवर्षी एकच चूक मोठ्या प्रमाणावर होताना दिसते. फाटे फुटलेले किंवा तडकलेले एखादे गाजर हातात घेऊन शेतकरी थेट औषधाच्या दुकानात जातो आणि तेथे बहुधा बोरॉनची पुडी मिळते. मूळ का बिघडले याचा शोध मात्र घेतला जात नाही, आणि पुढच्या हंगामात त्याच जमिनीत तोच माल पुन्हा निघतो. चुकीचा उपाय होण्यामागे माहितीचा अभाव हे कारण क्वचितच असते. बहुतेक वेळा तपासणीचा क्रम उलटा झालेला असतो: आधी उपाय ठरतो आणि मग त्याला साजेसे लक्षण शोधले जाते.

खालील पद्धत गाजर, मुळा आणि बीट या तिन्ही पिकांना लागू पडते. तिचा आधार एकच आहे आणि तो पक्का ध्यानात ठेवावा. मूळ आधी लांबीने वाढते आणि नंतर जाडीने. गाजराच्या सोटमुळाची खोली उगवणीनंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत जवळजवळ ठरून जाते, आणि त्यानंतरचे दोन महिने ते मुख्यतः फुगत असते. त्यामुळे फाटा हा पिकाच्या बालपणातला अपघात असतो, तर तडा हा बहुधा उत्तरार्धातला. दोन्हींचे कारण एकाच आठवड्यात शोधणे व्यर्थ आहे.

समजायला सोपे जावे म्हणून सातारा जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या वीस गुंठे गाजराचे उदाहरण शेवटपर्यंत सोबत घेतो. त्या शेतात मी गेलो तेव्हा पीक शंभर दिवसांचे होते, जात कुरोडा गटातली होती आणि शेतकऱ्याचे पहिलेच वाक्य होते, "दोन वेळा बोरॉन मारलं, तरी गाजर फाटतंय आणि तडकतंयही."

## पूर्वतयारी: काढणीच्या आदल्या दिवशी

तपासणीसाठी कुदळ किंवा टिकाव, पाण्याची मोठी बादली, धारदार सुरी, फूटपट्टी, गोणपाट, वही आणि साधारण बोटाच्या निम्म्या जाडीची, हातभर लांबीची लोखंडी सळई एवढे साहित्य पुरते. भिंग असल्यास उत्तम. याशिवाय एक गोष्ट शेतावर मिळत नाही, ती घरून आणावी लागते: पाण्याच्या पाळ्यांची नोंद. नोंद ठेवली नसेल तर वीजपुरवठा, मोटार बंद पडल्याचे दिवस, घरातले लग्नकार्य, अवकाळी पाऊस यांच्या आधाराने घरातल्या सर्वांना विचारून लावणीपासूनच्या पाण्याच्या तारखा लिहून काढाव्यात. हे काम मुळे पाहण्याच्या आधी करावे. तडा पाहिल्यानंतर तारखा आठवायला बसले की माणसाला सोयीच्या तारखा आठवतात.

शक्य असेल तर नमुना घेण्याच्या दोन-तीन दिवस आधी हलके पाणी द्यावे, म्हणजे जमिनीत वाफसा येतो आणि मूळ न तुटता निघते.

## टप्पा 1: नमुना कसा आणि किती घ्यावा

शेतात नागमोडी चालत पाच ठिकाणे निवडावीत आणि प्रत्येक ठिकाणी एका ओळीतली सलग दहा मुळे घ्यावीत. सलग या शब्दाला महत्त्व आहे. नजर नेहमी वाईट मुळाकडे जाते, आणि निवडून घेतलेल्या वाईट मुळांवरून प्रमाण कधीच कळत नाही. पाचही ठिकाणांची मुळे वेगवेगळ्या ढिगांत ठेवावीत आणि प्रत्येक ढिगाला जागेचा क्रमांक द्यावा.

मूळ उपटू नये, बाजूने खणून काढावे. उपटल्याने शेंडा आणि तंतुमुळे जमिनीतच राहतात, आणि सूत्रकृमीच्या गाठी नेमक्या त्याच तंतुमुळांवर असतात. काढलेली मुळे चोळून धुऊ नयेत. बादलीत दहा मिनिटे बुडवून ठेवावीत, माती आपोआप सुटते.

सावधान: बाजारात पाठवण्यासाठी निवडून बाजूला टाकलेल्या मालावरून तपासणी करू नये. त्यात वाहतुकीचे, पोत्यात आपटल्याचे आणि हाताळणीचे तडे मिसळलेले असतात.

आपल्या उदाहरणात पन्नास गाजरांपैकी 24 सरळ आणि निर्दोष होती, 17 फाटे फुटलेली, 7 तडकलेली आणि 2 नुसतीच बारीक राहिलेली होती. एवढ्यावरूनच एक गोष्ट स्पष्ट झाली, की शेतकऱ्याला जो एक रोग वाटत होता ते दोन वेगळे बिघाड होते आणि त्यांतला फाट्यांचा बिघाड मोठा होता.

## टप्पा 2: फाट्याची खोली मोजा

मूळ फक्त टोकाशीच लांब होते. टोकाच्या मागचा भाग एकदा तयार झाला की तो जाड होतो, पण खाली सरकत नाही. म्हणून फाटा ज्या खोलीवर दिसतो, जवळजवळ त्याच खोलीवर मुळाचा शेंडा मेलेला किंवा अडलेला असतो. शेंडा गेला की वरची बाजूची मुळे त्याची जागा घेतात, फुगतात, आणि आपल्याला दोन-तीन पायांचे गाजर मिळते.

फूटपट्टी गाजराच्या खांद्याशी धरावी, म्हणजे जेथे पानांचे देठ सुरू होतात तेथे, आणि तेथून फाट्याच्या बेचक्यापर्यंतचे अंतर मोजून प्रत्येक मुळासाठी लिहावे. हा आकडा या संपूर्ण तपासणीतला सर्वांत मोलाचा आकडा आहे आणि बहुतेक जण तोच घेत नाहीत.

आकडे लिहून झाल्यावर त्यांची ठेवण पाहावी. बहुतेक फाटे एकाच खोलीवर असतील, तर त्या खोलीवर शेतभर पसरलेले काहीतरी आहे, आणि ते बहुधा कडक थर असतो. आकडे दोन सेंटिमीटरपासून पंधरापर्यंत विखुरलेले असतील, तर जमिनीत ठिकठिकाणी अडथळे आहेत: ढेकळे, दगड, न कुजलेले धसकट किंवा कच्च्या शेणखताचे गोळे. बहुतेक फाटे अगदी वर, चार-पाच सेंटिमीटरच्या आत असतील, तर रोप अगदी लहान असताना काय झाले ते पाहावे. त्या वेळी वाफ्यात पाणी साचून शेंडे कुजणे किंवा तणनाशकाचा धक्का बसणे ही कारणे तपासावीत. रोपे उपटून दुसरीकडे लावली असतील तर वेगळे कारण शोधण्याची गरजच नाही. गाजर आणि मुळा ही पिके बी टोकून किंवा पेरूनच घ्यावीत; पुनर्लागवडीत शेंडा दुखावतो आणि फाटा ठरलेला असतो.

आपल्या शेतातल्या 17 फाटलेल्या गाजरांपैकी 14 गाजरे 11 ते 13 सेंटिमीटरवर फाटलेली होती. उरलेल्या तिन्हींची खोली वेगवेगळी होती, आणि त्यांतल्या एकाच्या बेचक्यात बोराएवढा खडा अजून अडकलेला होता.

तपासणी: बीटच्या बाबतीत फाटा ठरवण्याआधी रोपांची संख्या मोजावी. बीटचे जे बी आपण पेरतो ते बहुतेक जातींत अनेक बियांचा गुच्छ असते आणि एका ठिकाणी दोन-तीन रोपे उगवतात. विरळणी झाली नाही तर ती एकमेकांना दाबून वेडीवाकडी, चपटी आणि पिळलेली होतात. तो जमिनीचा दोष नव्हे, विरळणी राहून गेल्याचा परिणाम आहे, आणि त्यावर दुसरा उपाय शोधू नये.

## टप्पा 3: तंतुमुळांवर गाठी आहेत का

आता फाटलेल्या मुळांची तंतुमुळे उजेडात धरून पाहावीत. बारीक मुळांवर मोहरीपासून ज्वारीच्या दाण्याएवढ्या फुगवट्यांची माळ दिसत असेल, मूळ आखूड आणि केसाळ असेल आणि फाटे अनेक असतील, तर मूळगाठ सूत्रकृमीचा संशय घ्यावा. गाठ नखाने खरवडून पाहावी. सूत्रकृमीची गाठ मुळाचाच भाग असते, ती मातीच्या खड्यासारखी सुटून येत नाही.

सूत्रकृमी शेतभर सारख्या पसरत नाहीत. त्या ठिकठिकाणच्या चट्ट्यांत असतात आणि पाण्याच्या वाटेने, अवजारांबरोबर सरकतात. म्हणून पाचपैकी एक-दोन ढिगांतच गाठी सापडल्या तर आश्चर्य मानू नये, तर त्या जागा नकाशावर खुणा करून ठेवाव्यात. आधीचे पीक टोमॅटो, वांगी, भेंडी किंवा काकडीवर्गीय असेल तर संशय आणखी बळावतो, कारण ही सर्व पिके या सूत्रकृमीला पोसतात. खात्रीसाठी मुळांसहित ओली माती पिशवीत घालून, उन्हात न ठेवता, जवळच्या कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या प्रयोगशाळेत विचारून पाठवावी. तेथे कोणत्या चाचण्या होतात हे आधी फोन करून विचारावे, म्हणजे फेरी वाया जात नाही.

आपल्या शेतात एकाही ढिगात गाठी नव्हत्या.

## टप्पा 4: तड्याचे वय ठरवा

तडकलेली मुळे वेगळी काढून त्यांच्या कडा पाहाव्यात. मूळ जिवंत असते आणि जखमेवर ते स्वतःची खपली धरते. जुन्या तड्याच्या कडा गोलसर झालेल्या असतात, आतला पृष्ठभाग तपकिरी आणि खरखरीत असतो, त्यावर सालीसारखा पातळ थर आलेला असतो आणि कधी कधी तड्याच्या आतून बारीक मुळेही फुटलेली दिसतात. ताज्या तड्याच्या कडा धारदार असतात आणि आतला भाग ओला, चमकदार, गाभ्याच्याच रंगाचा असतो.

जुना तडा शेतात पडलेला असतो. पाण्याचा दीर्घ ताण बसला की बाहेरची साल जून होते आणि तिची ताणण्याची क्षमता कमी होते. मग अचानक भरपूर पाणी मिळाले की आतला भाग सालीपेक्षा वेगाने फुगतो आणि मूळ उभे तडकते. नत्राचा उशिरा दिलेला हप्ता, फार विरळ ओळी आणि काढणीला झालेला उशीर यांनी हा धोका वाढतो. पण तडा पडण्याचा दिवस बहुधा पाण्याचाच असतो.

ताजा तडा काढणीच्या दिवशीचा असतो. थंडीच्या दिवसांत पहाटे मूळ पाण्याने गच्च भरलेले आणि ठिसूळ असते, आणि ते खणताना किंवा क्रेटमध्ये टाकताना टचकन तडकते. याची परीक्षा सोपी आहे. एकाच वाफ्यातली दहा गाजरे पहाटे आणि दहा दुपारी चारच्या सुमारास काढावीत, दोन्ही वेळा गुडघ्याच्या उंचीवरून कठीण जमिनीवर सोडावीत आणि फुटलेली मोजावीत. पहाटेची जास्त फुटत असतील तर काढणीची वेळ उन्हे वर आल्यानंतरची ठेवावी आणि क्रेटमध्ये फेकणे थांबवावे. खत किंवा औषध यांचा येथे काही संबंध नाही.

आपल्या सात तडकलेल्या गाजरांपैकी पाचांचे तडे जुने होते आणि दोन ताजे होते. आता वही उघडली. पेरणीनंतर 62व्या दिवशी मोटार जळाली होती आणि पुढचे पाणी 79व्या दिवशी, तेही एकदम भरपूर, दिले गेले होते. सतरा दिवसांचा ताण, त्यानंतर भरपाई म्हणून सोडलेले पाणी, आणि तेथून तीन आठवड्यांनी खपली धरलेले तडे. बोरॉनची फवारणी तड्यांनंतर झाली होती. ती न केली असती तरी काही बिघडले नसते आणि केल्याने काही सुधारले नाही.

सावधान: सालीवरचे खरखरीत, बुचासारखे आडवे डाग म्हणजे तडा नव्हे. ते खवल्या रोगाचे असू शकतात. सुरीने तिरपा काप घेऊन पाहावे. डाग साल ओलांडून उभा आत गेला नसेल तर तो तड्यांच्या ढिगात टाकू नये.

## टप्पा 5: मूळ कापा आणि पोकळीचा रंग पाहा

पोकळ गाभा बाहेरून दिसत नाही, म्हणून पन्नासपैकी किमान वीस मुळे कापावीत. प्रत्येक मूळ आधी मधोमध आडवे कापावे आणि मग दोन्ही अर्ध्या भागांना उभा छेद द्यावा. आडव्या छेदात पोकळी कुठे आहे ते कळते, उभ्या छेदात ती किती लांब गेली आहे ते कळते. मुळ्याच्या बाबतीत कापण्याआधी जुन्या पानाचा देठ आडवा कापून पाहावा. देठाचा गाभा पांढरा, कोरडा आणि पोकळ असेल तर मूळही तसेच असण्याची शक्यता मोठी असते. ही केवळ चाहूल आहे, निर्णय मूळ कापूनच करावा.

पोकळीचे तीन प्रकार आहेत आणि त्यांची सरमिसळ करणे ही या भागातली मुख्य चूक आहे.

पहिला प्रकार पोचटपणाचा. गाभा पांढरा, कोरडा, जाळीदार, स्पंजासारखा असतो. अंगठ्याने दाबल्यास दबतो आणि हातात घेतल्यावर मुळा आकाराच्या मानाने हलका लागतो. मुळ्यात हा दोष सर्वांत जास्त दिसतो. मुळा वेगाने फुगत असताना गाभ्यातल्या पेशींना पानांकडून अन्न पुरत नाही, त्या रिकाम्या होतात आणि त्यांत हवा भरते. उष्णता, फार विरळ अंतर आणि विशेषतः उशिरा काढणी यांनी ते वाढते. पुसा चेतकीसारखी उष्णता सहन करणारी जात सुमारे 40 ते 45 दिवसांत काढणीस येते. ती भावासाठी आणखी पंधरा दिवस जमिनीत ठेवली तर मुळा मोठा दिसतो पण आतून निकामी होतो. थंडीची जात उन्हाळ्यात पेरली तरी हेच होते. फुलाचा दांडा निघालेल्या मुळ्याचे तर कारण विचारण्याचीही गरज नाही. तेथून डिंगऱ्या घ्याव्यात, मुळा गेलेला असतो.

दुसरा प्रकार तडकून झालेल्या पोकळीचा. मध्ये चीर किंवा चांदणीच्या आकाराची मोकळी जागा असते, पण तिच्या भिंती घट्ट, ओल्या आणि निरोगी रंगाच्या असतात. हा आतला तडाच आहे आणि त्याचे कारण बाहेरच्या तड्यासारखेच असते: झपाट्याने झालेली वाढ. वाफ्याच्या कडेच्या किंवा तुटाळ झालेल्या जागच्या मुळांत ही पोकळी जास्त आणि दाट ओळींत कमी असेल, तर निदान जवळजवळ पक्के होते, कारण मोकळ्या जागेत एकेका मुळाला पाणी आणि नत्र जास्त मिळते.

तिसरा प्रकार तपकिरी किंवा काळ्या भिंतींचा. गाभ्यात पाणथळ, तपकिरी किंवा काळे, कडक डाग असतात, आणि बीटमध्ये ते बहुधा वलयांच्या मधोमध विखुरलेले दिसतात. येथे, आणि मुख्यतः येथेच, बोरॉनचा विचार करावा. त्याला दुजोरा पानांकडून मिळाला पाहिजे: बोरॉन झाडात सहज सरकत नाही, म्हणून कमतरता आधी सर्वांत कोवळ्या पानांत दिसते. मधली पाने खुरटलेली, सुरकुतलेली, काळी पडलेली असतील आणि वाढीचा शेंडा मेलेला असेल, तर संशय रास्त आहे. चुनखडीच्या, जास्त सामूच्या जमिनीत आणि पाण्याचा ताण पडलेल्या पिकात ही कमतरता जास्त आढळते. मात्र उष्णतेनेही मुळ्याचा गाभा तपकिरी होतो, आणि गाभ्यातून दुर्गंधी व चिकट स्राव येत असेल तर तो जिवाणूंची कूज आहे. तेथे बोरॉनचा प्रश्न येत नाही.

बीटच्या छेदात आलटून पालटून फिकट आणि गडद वलये दिसतात, त्यांना दोष समजू नये. वलये ही बीटची नैसर्गिक रचना आहे. ती फारच पांढरी पडली असतील तर पीक उष्ण दिवसांत फुगले एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि उपाय पेरणीच्या तारखेत आहे.

आपल्या शेतात वीस गाजरे कापली. एकाही गाजरात तपकिरी गाभा नव्हता.

## टप्पा 6: माती मुळाची साक्ष देते का

येथपर्यंतचे निदान हा संशय आहे. खात्री जमिनीत होते. फाटे ज्या खोलीवर आले तेथे खरोखर काही आहे का हे पाहण्यासाठी वाफसा असताना लोखंडी सळई शरीराच्या सारख्या दाबाने, एका हाताने, जमिनीत ढकलावी आणि ती जेथे अडते ती खोली मोजावी. कोरड्या जमिनीत सळई सगळीकडेच अडते आणि चिखलात कुठेच अडत नाही, म्हणून वाफशाची अट सोडू नये. किमान वीस ठिकाणी हे करावे. त्यातल्या दोन जागा अशा घ्याव्यात की जेथे पीक चांगले आहे, कारण वाईट जागेचा आकडा चांगल्या जागेशी तोलून पाहिल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

आपल्या शेतात सळई जवळजवळ सर्वत्र 12 सेंटिमीटरच्या आसपास अडत होती. पण शेतातून तिरपी जाणारी एक चिंचोळी पट्टी वेगळी निघाली. तेथे सळई हातभर सहज गेली आणि तेथली गाजरे 20 सेंटिमीटरपर्यंत सरळ होती. शेतकऱ्याच्या वडिलांनी सांगितले, की पूर्वी त्या जागी पाण्याचा पाट होता आणि ठिबक आल्यावर तो हाताने, फावड्याने भरून घेतला होता. उरलेल्या शेतात नांगरट न करता सलग तीन हंगाम केवळ रोटाव्हेटर फिरवला गेला होता. रोटाव्हेटरची पाती एकाच खोलीवर फिरून वरची माती भुगा करतात आणि तिच्या खाली तवा धरतो. तेथे खड्डा खणून पाहिला तेव्हा 12 सेंटिमीटरवर माती चपट्या पापुद्र्यांनी निघत होती आणि पिकाची तंतुमुळे त्या पापुद्र्यांवर आडवी पसरली होती. वरून भुसभुशीत दिसणाऱ्या वाफ्याला पाहून जमीन तयार आहे असे मानणे ही चूक कोणाकडूनही होऊ शकते, कारण तवा डोळ्यांना दिसतच नाही.

## टप्पा 7: एका बिघाडाला एकच उपाय, आणि एक पट्टी तशीच

कडक थरावर उपाय म्हणजे तो मोडणे. उन्हाळ्यात, जमीन कोरडी असताना, सबसॉयलर किंवा चिझेल नांगर थराच्या खाली पाच-सात सेंटिमीटरपर्यंत चालवावा. ओल्या जमिनीत तो चालवला तर थर फुटत नाही, फक्त चिरला जातो. त्यानंतर 20 ते 30 सेंटिमीटर उंचीचे गादीवाफे करावेत आणि रोटाव्हेटरची शेवटची फेरी हलकी ठेवावी. ढेकळे आणि खडे हे कारण असेल तर वेचणी आणि चाळणी, कच्चे शेणखत हे कारण असेल तर खत आधीच्या पिकाला देणे, हे उपाय पुरतात. खत कुजले की नाही हे ढिगाच्या पोटात हात घालून पाहावे: आत ऊब नसावी आणि नाकाला झोंबणारा वास येऊ नये.

सूत्रकृमी सिद्ध झाल्या असतील तर त्या जागी एक-दोन हंगाम झेंडू किंवा ज्वारी-बाजरीसारखे तृणधान्य घ्यावे, उन्हाळ्यात नांगरून जमीन तापू द्यावी आणि निंबोळी पेंड घालावी. यातले कोणतेही एक काम एकट्याने त्या संपवत नाही, संख्या कमी करते, एवढे गृहीत धरूनच गाजर परत घ्यावे.

तड्यांवर उपाय म्हणजे पाणी थोडे आणि वारंवार देणे. मोठा ताण बसून गेलाच असेल तर पहिले पाणी पोटभर न देता निम्मे द्यावे आणि उरलेले दोन-तीन दिवसांनी द्यावे. पाणी दिल्यावर लगेच युरिया टाकू नये.

बोरॉनची कमतरता पाने, गाभा आणि माती परीक्षण या तिन्हींनी सांगितली तरच ते द्यावे. माती परीक्षणात गरम पाण्याने काढलेले बोरॉन 0.5 पीपीएमपेक्षा कमी आले तर कमतरता मानतात. जमिनीतून एकरी 4 किलो बोरॅक्स शेणखतात मिसळून समान पसरणे, किंवा पिकात 20 टक्के बोरॉन असलेले विद्राव्य खत लिटरला 1 ग्रॅम या प्रमाणात फवारणे पुरेसे असते.

सावधान: बोरॉनच्या बाबतीत पुरेसे आणि विषारी यांतले अंतर फार थोडे आहे. दुप्पट मात्रेने दुप्पट फायदा होत नाही, पानांच्या कडा करपतात, आणि त्याच जमिनीत नंतर घेवड्यासारखे नाजूक पीक घेतले तर ते फटका खाते. अंदाजाने दरवर्षी बोरॅक्स टाकू नये.

कोणताही उपाय केला तरी एक वाफा तसाच, जुन्या पद्धतीने ठेवावा. हवामान दरवर्षी बदलते, आणि तुलनेचा वाफा नसेल तर पीक उपायाने सुधारले की थंडीने, हे सांगता येत नाही.

## टप्पा 8: पुढच्या हंगामात पहिली तपासणी विरळणीच्या दिवशी

फाटा कळण्यासाठी काढणीपर्यंत थांबण्याची गरज नाही. उगवणीनंतर चार आठवड्यांनी विरळणी करताना जी रोपे काढायचीच असतात, त्यांतली वीस रोपे उपटण्याऐवजी हातभर खोल मातीच्या गोळ्यासकट खणून बादलीत सोडावीत. निरोगी रोपाचे सोटमूळ दोऱ्यासारखे सरळ असते आणि त्याचा शेंडा पांढरा, अखंड असतो. शेंडा तपकिरी झालेला, वळलेला किंवा त्याच्या वर दोन-तीन बाजूची मुळे एकदम जाड होऊ लागलेली दिसली, तर फाटा पडलेला आहे. त्या हंगामाचे फाटे आता सुधारत नाहीत, पण किती माल फाटेल याचा अंदाज काढणीच्या दोन महिने आधी मिळतो आणि पुढचा खत-पाण्याचा खर्च त्या अंदाजाने ठरवता येतो.

साताऱ्याच्या त्या शेतकऱ्याने मे महिन्यात जमिनीत चिझेल नांगर चालवला आणि माझ्या आग्रहाखातर एक वाफा सोडला. रब्बीत विरळणीच्या दिवशी आम्ही दोघांनी दोन्हीकडची वीस-वीस रोपे खणली. सोडलेल्या वाफ्यातल्या नऊ रोपांचे शेंडे 12 सेंटिमीटरच्या आसपास वळलेले होते. मोडलेल्या थरावरच्या वीसपैकी एकच तसे होते, आणि त्याच्या टोकाशी एक खडा होता.